फाळणी जनुकांवर लिहिलेली नाही

चंडीगडमध्ये साहित्याच्या कार्यक्रमांना जाणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडते. कधी ते पंजाबीत असते, कधी हिंदीत, बहुधा इंग्रजीत. मराठीत त्याचा अर्थ असा: फाळणीचा आघात आमच्या जनुकांत उतरला आहे, विज्ञानाने आता ते सिद्ध केले आहे. पूर्वी हे वाक्य कवितेतले असे आणि कोणी त्याला पुरावा मागत नसे. आता त्यामागे ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द येतो, ‘मिथायलेशन’ येतो, आणि सभागृहातल्या माना डोलतात. मी मराठी माणूस, पोटापाण्यासाठी या शहरात आलो आणि गेली अनेक वर्षे इथे रेण्वीय जीवशास्त्र शिकवतो. माझ्या घरात फाळणीची आठवण नाही. ज्यांच्या घरात आहे त्यांना त्यांच्या दुःखाबद्दल सांगण्याचा मला अधिकार नाही, हे मान्यच आहे. पण मिथायलेशनबद्दल बोलण्याचा आहे. आणि माझे म्हणणे स्पष्ट आहे: हे सिद्ध झालेले नाही. सिद्ध करण्यासाठी जे पाहावे लागेल ते अजून कोणी पाहिलेले नाही, आणि तसे म्हणत राहण्याने फाळणीच्या स्मृतीचे भले होत नाही.

हे शहर अशा वाक्याला मऊ जमीन पुरवते यात नवल नाही. लाहोर गेले म्हणून पूर्व पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून चंडीगड बांधले गेले. इथले विद्यापीठसुद्धा आपले लाहोर मागे टाकून आलेले. जिथे घरांच्या भिंती सत्तर वर्षांच्या आणि आठवणी त्याहून जुन्या, तिथे ‘हे सगळे आमच्या शरीरातच आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वाभाविक आहे म्हणून ते खरे ठरत नाही.

आधी ज्या खुणांच्या नावाने हे सांगितले जाते त्या खुणा काय आहेत ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए आहे. यकृताच्या पेशीत जी अक्षरमाला आहे तीच मेंदूच्या पेशीत. तरी यकृत विचार करत नाही आणि मेंदू पित्त तयार करत नाही, कारण कोणती जनुके उघडी आणि कोणती बंद हे पेशीपेशीत वेगळे असते. ही उघडझाप करण्याच्या दोन मुख्य युक्त्या आहेत. पहिली डीएनएवरच बसते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ या अक्षरापाठोपाठ ‘जी’ आले की त्या ‘सी’ला एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा गट चिकटवता येतो. हा मिथाइल गट. अक्षर बदलत नाही, त्याच्यावर टिंब दिल्यासारखे होते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशी टिंबे दाट झाली की ते जनुक सहसा गप्प बसते. पेशी दुभंगते तेव्हा नव्या धाग्यावर ही टिंबे उतरवून घेणारे एक एन्झाइम आहे. त्यामुळे यकृताची पेशी यकृताच्याच पेशींना जन्म देते.

दुसरी युक्ती डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या रिळांवर आहे. आठ हिस्टोन प्रथिनांचे एक रीळ, त्याभोवती सुमारे १४७ अक्षरजोड्यांचा वेढा, अशी लाखो रिळे एका पेशीत असतात. या प्रथिनांच्या शेपट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांवर अ‍ॅसिटाइल गट बसला की शेपटीवरचा धन विद्युतभार कमी होतो, ऋणभारित डीएनएवरची पकड सैल होते आणि जनुक वाचायला सोपे जाते. काही ठरावीक जागी मिथाइल गट बसले की उलट होते, तो पट्टा आवळला जातो. अक्षरे तीच, पण वाचन बदलले. एवढे सगळे पाठ्यपुस्तकातले आहे आणि निर्विवाद आहे.

वाद पुढे सुरू होतो. एका माणसाच्या आयुष्यात या खुणा बदलतात आणि टिकतात, इथून ‘त्या त्याच्या नातवाकडे जातात’ इथवर उडी मारली जाते. मध्ये एक नदी आहे आणि तिच्यावर पूल असल्याचे गृहीत धरले जाते.

ती नदी अशी. सस्तन प्राण्यांत या खुणा एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना दोनदा पुसल्या जातात. एकदा गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा बापाकडून आणि आईकडून आलेली बहुतेक टिंबे निघून जातात. दुसऱ्यांदा त्या गर्भात जेव्हा पुढच्या पिढीच्या बीजपेशी तयार होऊ लागतात, तेव्हा त्या पेशींमध्ये आणखी कसोशीने पुसापुसी होते. शुक्रजंतूच्या बाबतीत तर रिळेच बदलली जातात. बहुतेक हिस्टोन काढून त्या जागी प्रोटामिन नावाची वेगळी प्रथिने भरली जातात, कारण डीएनए अगदी लहान जागेत दाबून बसवायचा असतो. रिळेच गेली तर रिळांवरच्या खुणा कुठे राहणार? थोडी मूळची रिळे उरतात, आणि सगळी आशा त्या थोड्यांवर.

पुसापुसीतून वाचणारी जनुके आहेत, सुमारे शंभरेक. त्यांना छाप असलेली जनुके म्हणतात. ती आईकडून आली की बापाकडून, हे त्यांच्यावरच्या टिंबांवरून ठरते. पण ती पहिल्या पुसापुसीतून वाचतात. दुसरीत तीही पुसली जातात आणि मुलगा असेल तर बापाच्या पद्धतीने, मुलगी असेल तर आईच्या पद्धतीने नव्याने लिहिली जातात. म्हणजे अपवाद दाखवायला गेले तर तोही घराण्याची आठवण पुढे नेत नाही.

आता फाळणीचाच हिशेब मांडू. समजा एक बावीस वर्षांची बाई ऑगस्ट १९४७ मध्ये लाहोरहून अमृतसरला आली. तिला पाचवा महिना होता आणि पोटात मुलगी होती. ती मुलगी डिसेंबरात जन्मली. तिला १९७२ मध्ये मुलगी झाली, आणि त्या मुलीला १९९८ मध्ये मुलगी. या चार बायकांपैकी फाळणीच्या वाटेवर किती जणी होत्या? पहिली अर्थातच. दुसरी पोटात. आणि तिसरीसुद्धा, एका अर्थाने. कारण मुलीच्या गर्भात पाचव्या महिन्यापर्यंत तिच्या आयुष्यभराच्या बीजपेशी तयार झालेल्या असतात, साठ-सत्तर लाख. पुढे ज्या बीजांडातून १९७२ ची मुलगी घडली ती पेशी ऑगस्ट १९४७ मध्ये तिच्या आजीच्या पोटात होती. तिच्यापर्यंत आजीच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक, आजीची भूक, आजीचा ताप पोचू शकत होता. म्हणून नातीमध्ये काही सापडले तरी त्याला वारसा म्हणता येत नाही. ती स्वतःच त्या प्रसंगाला सामोरी गेलेली आहे. ज्या मुलीकडे फाळणी फक्त वारशानेच येऊ शकते ती चौथी, १९९८ ची, म्हणजे त्या बाईची पणती.

बापाकडून मोजले तर पिढी एक कमी लागते. शुक्रजंतू सतत नव्याने तयार होतात, एकेक तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. १९४७ मध्ये चालत आलेल्या पुरुषाच्या बीजपेशी त्याच्याबरोबर चालत आल्या, त्यातून त्याचा मुलगा झाला. त्याचा नातू हा न चाललेला पहिला माणूस. हा हिशेब या क्षेत्रात सर्वमान्य आहे. एका पिढीवर थेट झालेला परिणाम वेगळा आणि पिढ्या ओलांडणारा वारसा वेगळा, असा भेद त्यामुळेच केला जातो. साहित्यातल्या भाषणांत हा भेद मला क्वचितच ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट. त्या पाचव्या महिन्यातल्या बीजपेशी त्या क्षणी जवळजवळ कोऱ्या असतात. पुसापुसी झालेली असते आणि स्त्रीच्या बीजांडांवर टिंबे पुन्हा बसतात ती जन्मानंतर पुष्कळ उशिरा, बीजांड वाढू लागते तेव्हा. म्हणजे ज्या पानावर फाळणी लिहिली गेली असे सांगतात ते पान तेव्हा कोरे होते आणि पुढची कित्येक वर्षे कोरेच राहणार होते. त्यावर काहीच परिणाम होणे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण ‘टिंबे बसली आणि पुढे गेली’ ही सोपी गोष्ट तिथे चालत नाही, एवढे नक्की.

मग सभेत ज्या संशोधनाचा दाखला येतो त्याचे काय? सर्वांत जास्त उद्धृत होतो तो न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या माणसांवरचा अभ्यास. ताणाच्या संप्रेरकांना आवर घालण्यात भाग घेणाऱ्या एफकेबीपी५ या जनुकाच्या एका भागावरची टिंबे त्यांनी रक्ताच्या नमुन्यातून मोजली. वाचलेले ३२ जण, त्यांची २२ प्रौढ मुले, आणि तुलनेसाठी ८ पालक व ९ मुले. निष्कर्षाचा गाभा असा: वाचलेल्यांमध्ये त्या जागी टिंबे तुलनेतल्या पालकांपेक्षा सुमारे १० टक्के जास्त होती, आणि त्यांच्या मुलांमध्ये तुलनेतल्या मुलांपेक्षा सुमारे ७.७ टक्के कमी.

हे पुन्हा वाचा. आईबापांत जास्त, मुलांत कमी. खूण बीजपेशीतून जशीच्या तशी उतरली असती तर दोन्हीकडे दिशा एकच दिसली असती. इथे दिशा उलटी आहे. यातून आईबापांच्या दुःखाचा मुलांच्या शरीराशी काही संबंध असेल असे म्हणता येते, आणि तो असणारच. आघात सोसलेल्या आईने वाढवलेल्या मुलाची ताणाची यंत्रणा वेगळी घडली तर त्यात आश्चर्य काय? पण ती घडण्याची जागा अंगण आहे, स्वयंपाकघर आहे, रात्री दचकून उठणारा बाप आहे. खूण वारशाने आली याचा पुरावा त्या आकड्यांत नाही. त्यात तुलनेची माणसे आठ आणि नऊ. त्यात रक्त हे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण, ज्यातले प्रमाण सर्दीनेही बदलते, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीची टिंबे वेगळी. शिवाय शेजारच्या अक्षरमालेतले जन्मजात फरकही टिंबांचे प्रमाण ठरवतात, आणि ती अक्षरे मात्र खरोखरच वारशाने येतात. मुलाची टिंबे आईबापांसारखी दिसली तर पहिला संशय त्या अक्षरांवर घ्यायला हवा. ज्याला वारसा सिद्ध करायचा आहे त्याने या सगळ्या शक्यता एकेक करून काढून टाकल्या पाहिजेत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात त्यासाठी जागा नसते, आणि सभेतले वाक्य मथळ्यावरून घेतलेले असते.

दुसरा दाखला नेदरलँड्सचा, आणि तो अधिक भक्कम आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. गर्भधारणेच्या सुमारास हा उपास घडलेल्या ६० माणसांची सहा दशकांनंतर तपासणी झाली. २००८ मध्ये बास हायमान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जनुकाजवळची टिंबे त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींपेक्षा सुमारे ५ टक्के कमी होती. भावंडाशी तुलना केल्यामुळे घराणे, घर, खाणेपिणे असे पुष्कळ गोंधळ टळले. अभ्यास कसा करावा याचा हा नमुना आहे. पण तो काय सांगतो? गर्भात जे घडले त्याची खूण त्याच माणसाच्या शरीरात साठ वर्षे टिकू शकते. हे विलक्षणच आहे. पण ही माणसे त्या उपासाच्या वेळी तिथे होती, आईच्या पोटात होती. पिढी ओलांडल्याबद्दल हा अभ्यास अवाक्षर काढत नाही.

तिसरा दाखला इथे कोणी देत नाही, कारण तो आमच्या मराठी मुलखातला आहे आणि मला देणे भाग आहे. माझ्या म्हणण्याविरुद्ध तो सर्वांत जोरदार आहे. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पुण्यातले संशोधक होते, २०१५ मध्ये विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. या उंदरांना पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारी शरीरे दिसली, रक्तात बी-१२ आणि फोलेट कमी दिसले, आणि इन्सुलिनच्या एका जनुकाच्या सुरुवातीच्या भागात हिस्टोनांवरच्या खुणा बदललेल्या दिसल्या. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खायला दिले. तरी ते पूर्ववत झाले नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आणखी काय हवे? मला हवे ते हे. दोन पिढ्या पोटभर म्हणजे आपल्या वरच्या हिशेबात कितवी पिढी? शेवटच्या उपाशी उंदरिणीच्या पोटात जी पिल्ले होती त्यांनी उपास भोगला, आणि त्या पिल्लांमधल्या बीजपेशींनीही. आईच्या बाजूने निर्मळ साक्ष द्यायची तर तिसरी पिढी लागेल. शिवाय अर्धपोटी वाढलेली आई लहान चणीची असते, तिचे गर्भाशय लहान, तिचे दूध कमी. पोट भरले तरी तिचे शरीर एका पिढीत बदलत नाही, आणि पुढचे पिल्लू त्याच शरीरात वाढते. शरीराकडून शरीराकडे असा एक रस्ता आहे आणि त्याला बीजपेशीतली कुठलीच खूण लागत नाही. आणि पन्नास पिढ्या ही उंदरांत निवड होण्याइतकी लांब मुदत आहे, उपासात जी अक्षरे तग धरतात तीच उरण्याइतकी. इन्सुलिनच्या जनुकावरची खूण हे कारण असेल, नाहीतर बिघडलेल्या शरीराचा परिणाम असेल. या प्रयोगाचे मोल मला मोठे वाटते, पण ते वेगळ्या कारणासाठी: भूक भागवली की भुकेचा हिशेब लगेच मिटत नाही.

खुणा पिढ्या ओलांडतच नाहीत असा माझा दावा नाही. वनस्पतींत त्या ओलांडतात. अठराव्या शतकात लिनिअसला टोडफ्लॅक्स या रानफुलाचा एक विचित्र प्रकार मिळाला होता. नेहमी एका बाजूला झुकलेले फूल इथे चहूकडून सारखे होते. १९९९ मध्ये एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या प्रकारच्या झाडांत फुलाची ठेवण ठरवणारे एक जनुक मिथाइल गटांनी गप्प झालेले आहे आणि ही गप्पगिरी पुढच्या पिढीत जाते. झाडांत हे शक्य आहे, कारण तिथे बीजपेशी वाढत्या फांदीतून उशिरा वेगळ्या होतात आणि प्राण्यांसारखी सरसकट पुसापुसी होत नाही. उंदरांतही एक प्रसिद्ध उदाहरण आहे, अगूटी जनुकाचे. त्यात पिवळ्या आईला पिवळी पिल्ले जास्त होतात. पण तिथेही बारकाईने पाहिले तेव्हा आईकडून आलेली टिंबे सुरुवातीच्या गर्भात पुसली गेलेलीच दिसली. म्हणजे आठवण कसलीतरी जात असेल, ती टिंबांच्या रूपात जात नाही. इतक्या वर्षांच्या शोधानंतर सस्तन प्राण्यांत अशी उदाहरणे मोजकीच हाती आहेत, आणि माणसात तर टिंबांनी तिसरी-चौथी पिढी गाठल्याचे एकही निर्विवाद उदाहरण नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे तर रूपक आहे. कवीला प्रयोगशाळेत कशाला ओढता? रूपक असते तर मी एक शब्द बोललो नसतो. ‘रक्तात आहे’ हे रूपक होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण ‘मिथायलेशन’ म्हणणाऱ्याला रूपक नको आहे, त्याला दाखला हवा आहे. त्याला वाटते की आजीच्या सांगण्याला वजन नाही, ते प्रयोगशाळेच्या शिक्क्याने येईल. मला नेमका याचाच राग येतो. आजीने जे सांगितले, किंवा जन्मभर सांगितलेच नाही, ते पुरेसे होते. पीठ संपायच्या आधी दुसरी गोणी आणून ठेवणे, कुलपे दोनदा तपासणे, एका विशिष्ट गावाचे नाव निघाले की विषय बदलणे, हे नातवंडे पाहतात, शिकतात आणि पुढे नेतात. हा वारसा खरा आहे. तो भाषेतून, सवयीतून आणि गप्प बसण्यातून जातो, आणि तो टिपण्याचे काम लेखकांचे आहे. लेखकानेच ते काम जनुकांवर सोपवले तर तो आपला धंदा सोडून देतो आहे.

यात दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जे जनुकांत आहे ते बदलता येत नाही, असे आपल्याकडे मानले जाते. आघात वंशाने येतो असे एकदा मान्य केले की गुणही वंशाने येतात असे म्हणणारे दाराशी उभेच असतात. ज्या समाजाने हजारो वर्षे माणसाची लायकी कुळावरून ठरवली त्या समाजात ‘पूर्वजांचा अनुभव रक्तातून उतरतो’ हे वाक्य निरुपद्रवी नसते. महाराष्ट्रात गर्भसंस्काराच्या वर्गांच्या जाहिरातींतही आता एपिजेनेटिक्स हा शब्द येऊ लागला आहे: गरोदर बाईने अमुक ऐकावे, अमुक विचार करावे, म्हणजे बाळाची जनुके चांगली उघडतील. म्हणजे बाळात काही उणे निघाले तर दोष आईच्या विचारांचा. चंडीगडच्या सभेतले वाक्य आणि ही जाहिरात यांचा हेतू वेगळा असेल, पण दोघी एकाच पुलावरून जातात, आणि तो पूल नाही.

खुणांचे खरे राजकारण पाहायचे असेल तर पुण्याजवळच्या गावांकडे जावे. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायका शेतात राबणाऱ्या, काटक आणि कमी वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती हलकी, हातपाय बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. अभ्यासकांनी अशा बाळांना ‘बारीक पण चरबीयुक्त’ म्हटले. पुढे ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा दिसले की ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्या मुलांमध्ये इन्सुलिनला शरीर कमी दाद देत होते. त्या बायकांपैकी निम्म्याहून अधिकींना बी-१२ कमी होते.

याचा आपल्या टिंबांशी थेट संबंध आहे. मिथाइल गट हवेतून येत नाही, तो आहारातून येतो. फोलेट तो आणते, आणि तो पुढच्या रेणूच्या हाती देण्यासाठी बी-१२ लागते. बी-१२ नसेल तर फोलेट कितीही असो, तो गट मध्येच अडकून पडतो. बी-१२ मिळते दूध, अंडी, मांस, मासे यांतून, म्हणजे गरीब घरात जे सर्वांत आधी कमी होते आणि जे बाईच्या ताटात सर्वांत शेवटी येते त्यातून. याज्ञिकांच्या गटाने पुढे त्याच मुलांना, ती वयात आल्यावर आणि आईबाप होण्याआधी, बी-१२ देऊन पाहण्याची चाचणी हाती घेतली. त्यामागचा तर्क साधा आहे: ही साखळी बीजपेशीत कोरलेल्या नशिबाची नाही, शरीरातून शरीराकडे जाणाऱ्या उणिवेची आहे, म्हणून ती मध्येच तोडण्याचा प्रयत्न करता येतो. कोणाला शिलालेख दिसतो तिथे या लोकांना ताट दिसले.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. यापुढे कोणी व्यासपीठावरून ‘आमच्या जनुकांत’ म्हटले तर श्रोत्यांनी तीन प्रश्न विचारावेत. कितव्या पिढीत पाहिले? कोणत्या पेशीत मोजले? आणि आई, घर व अक्षरमाला यांचा वाटा कसा वेगळा काढला? या तिन्हींना उत्तर असेल तर मी स्वतः उठून टाळी देईन. उत्तर नसेल तर ते वाक्य मागे घ्यावे आणि त्याच्या जागी आजी काय सांगत होती ते सांगावे. ऑगस्ट १९४७ मध्ये चालत आलेल्यांपैकी आता फार थोडी माणसे उरली आहेत. त्यांच्या रक्ताचा नमुना घेण्यापेक्षा त्यांच्यासमोर बसून ऐकण्याची घाई मोठी आहे. खूण पुसली जाते ती तिथे.